वापरानुसार बिल लावणारी ईमेल सेवा बंद करताना: पूर्वसूचना, किमान वापराची हमी आणि अंतिम बिल

मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्या सेवेचे खाते बंद केले की बिल थांबते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात खाते, वापर आणि करार या तीन वेगळ्या गोष्टी असून त्या वेगवेगळ्या दिवशी संपतात. वापर थांबला तरी करारातील किमान रक्कम द्यावी लागू शकते आणि खाते बंद झाले तरी त्याआधीच्या वापराचे बिल नंतर येते. म्हणून वार्षिक करारावर चालणारे खाते बंद करण्याचा योग्य क्रम आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे येथे दिली आहेत.

अर्ज कोणी करावा

अशा खात्यात लॉगिन अनेकांकडे असते, परंतु खाते बंद करण्याचा अधिकार बहुधा खातेमालक म्हणून नोंदलेल्या व्यक्तीलाच असतो. करार संपवण्याची सूचना तर संस्थेच्या वतीने सही करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीनेच द्यावी. ज्याने खाते उघडले तो कर्मचारी संस्था सोडून गेला असेल, तर आधी मालकी बदलून घ्यावी, कारण त्या पडताळणीत जाणारे दिवस पूर्वसूचनेच्या मुदतीतून वजा होतात.

करार न करता केवळ कार्डावर महिन्याकाठी पैसे भरणाऱ्यांना पूर्वसूचनेचा पुढील भाग सहसा लागू होत नाही. वापर थांबवणे आणि अंतिम बिल तपासणे मात्र त्यांनाही चुकत नाही.

कोणती कागदपत्रे हाताशी ठेवावीत

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे सही केलेला ऑर्डर फॉर्म, कारण मुदत, दर आणि किमान वापराची हमी त्यातच लिहिलेली असते. त्यासोबत मूळ सेवा करारातील मुदतवाढ, समाप्ती आणि सूचना देण्याची पद्धत ही तीन कलमे वाचून ठेवावीत. खाते क्रमांक, सर्व उपखात्यांची यादी, मागील बिले आणि दरमहाच्या वापराचा अहवाल खाते चालू असतानाच उतरवून घ्यावा. लॉगिन गेल्यावर स्वतःचीच बिले मिळवण्यासाठी विनंत्या कराव्या लागतात, आणि पाठवलेल्या संदेशांच्या तपशीलवार नोंदी अनेक सेवा मर्यादित दिवसच ठेवतात.

सदस्यत्व रद्द केलेल्या आणि परत आलेल्या पत्त्यांची यादीही घ्यावी. तिचा बिलाशी संबंध नाही, पण ती मागे राहिली तर नव्या सेवेतून नको म्हणणाऱ्यांनाच पुन्हा संदेश जातील.

पूर्वसूचना आणि किमान हमी

एक नमुना करार घेऊ. मुदत 1 जानेवारी ते 31 डिसेंबर. दरमहा किमान 5,00,000 संदेशांची हमी, दर हजारी 0.60 डॉलर, म्हणजे महिन्याला 300 डॉलर. त्यावरच्या वापराला हजारी 0.80 डॉलर. केवळ याच खात्यासाठी राखलेल्या दोन डेडिकेटेड आयपी पत्त्यांचे प्रत्येकी 30 डॉलर मासिक भाडे वेगळे. मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी सूचना न दिल्यास करार आपोआप आणखी एक वर्ष वाढेल, असे कलम.

या करारात सूचना 1 नोव्हेंबरपर्यंत पोहोचायला हवी. ती 5 नोव्हेंबरला गेली, तर चार दिवसांच्या उशिरापोटी पुढील वर्षाची 3,600 डॉलरची हमी गळ्यात पडते. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सूचना द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मुदत सूचना पाठवल्यापासून मोजायची की मिळाल्यापासून, हे करारागणिक बदलते. सूचना करारात दिलेल्या पत्त्यावरच पाठवावी. मदत कक्षाशी झालेले चॅट किंवा विक्री प्रतिनिधीला केलेला फोन बहुतेक करारांत सूचना म्हणून धरला जात नाही. पत्रात खाते क्रमांक, ऑर्डर फॉर्मची तारीख, करार वाढवायचा नसल्याचे एक निःसंदिग्ध वाक्य आणि समाप्तीची तारीख असावी. समाप्तीची लेखी पोच येईपर्यंत हे काम झाले असे मानू नये.

हमी दरमहाची आहे की वर्षाची, हेही नीट पाहावे. वरच्या करारात नोव्हेंबरमध्ये नव्या सेवेवर गेल्यामुळे वापर 1,40,000 झाला, तरी 300 डॉलर द्यावेच लागतात आणि न वापरलेले संदेश सहसा पुढे सरकत नाहीत. हमी वर्षाला 60 लाख संदेशांची असती आणि वर्षभरात 41 लाखच गेले असते, तर उरलेल्या 19 लाखांचे 1,140 डॉलर शेवटच्या बिलात एकदम आले असते. अशा करारात घाईने स्थलांतर केल्यास दोन्ही सेवांचे पैसे भरावे लागतात, त्यामुळे उरलेली हमी जुन्या सेवेवरच वापरून संपवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

वापर खरोखर थांबवणे

सगळे संदेश नव्या सेवेवर वळवल्यानंतर जुन्या एपीआय की एकेक करून रद्द कराव्यात आणि वापराचा आलेख पाहत राहावे. आलेख शून्यावर येत नसेल, तर कुठेतरी विसरलेली संपर्क फॉर्मची जोडणी, वेळापत्रकावर टाकलेली मोहीम किंवा जुन्या सर्व्हरवरील रोजचा अहवाल अजून चालू आहे. सलग काही दिवस शून्य दिसल्यावर, ज्यांचे भाडे वापराशिवायही चालते अशा गोष्टी स्वतंत्रपणे सोडाव्यात: डेडिकेटेड आयपी, पत्ता पडताळणीसारख्या जोडसेवा, सशुल्क उपखाती. कार्ड काढून टाकणे हा यावरचा उपाय नाही; देणे तसेच राहते आणि बिल थकबाकीत जाते.

संदेशांतील दुव्यांवरचे क्लिक मोजण्यासाठी डीएनएसमध्ये केलेली नोंद लगेच पुसू नये. आधी पाठवलेल्या संदेशांतील दुवे त्याच मार्गाने उघडतात, त्यामुळे ती नोंद आणि खाते शेवटच्या मोहिमेनंतर काही आठवडे चालू ठेवावे.

अंतिम बिल कसे वाचावे

वापराचे बिल महिना संपल्यावर निघत असल्याने आपल्या उदाहरणात शेवटचे बिल जानेवारीच्या सुरुवातीला येईल. डिसेंबरमध्ये 40,000 संदेश गेले असतील, तर वापराचे 24 डॉलर, हमी भरून काढण्याचे 276 डॉलर आणि लागू असल्यास कर, एवढेच त्यात दिसायला हवे. आयपी 20 नोव्हेंबरला सोडले असतील, तर त्यांचे भाडे त्यात नसावे. जानेवारी महिन्याची हमी दिसली, तर करार वाढला असे त्यांच्या प्रणालीत नोंदले गेले आहे. पोच जोडून लगेच लेखी हरकत घ्यावी आणि चुकीच्या रकमेसाठी क्रेडिट नोट मागावी. हरकतीची मुदतही करारातच असते. वापर एखाद्या दिवसाने जुळत नसेल, तर तो दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजला आहे का, हे आधी पाहावे.

पेमेंट गेटवे असल्यास

ईमेल सेवेऐवजी पेमेंट गेटवेचे खाते बंद करायचे असेल, तर क्रम तोच, पण शेपूट लांब असते. ग्राहक कार्डावरील व्यवहाराला साधारणपणे 120 दिवसांपर्यंत, काही प्रकारांत त्याहूनही नंतर, आव्हान देऊ शकतो. त्यामुळे खाते बंद झाल्यावरही परत गेलेली रक्कम आणि तिचे शुल्क वसूल होऊ शकते, आणि त्यासाठी गेटवे काही रक्कम राखूनही ठेवू शकतो. प्रलंबित परतावे खाते चालू असतानाच पूर्ण करावेत. साठवलेल्या कार्डांची माहिती नव्या गेटवेकडे हलवायची असेल, तर ती विनंती बंद करण्याच्या अर्जाआधी करावी, कारण हा डेटा दोन्ही गेटवे आपापसांत सुरक्षितपणे हस्तांतरित करतात, व्यापाऱ्याच्या हाती देत नाहीत. ज्या बँक खात्यात राखीव रक्कम परत यायची आहे, ते खाते ती जमा होईपर्यंत बंद करू नये.