नव्वद दिवस झाले की केस संपते का?

"पोलिसांनी ९० दिवसांत चार्जशीट दाखल केली नाही की केस आपोआप रद्द होते."

नाही होत. ही मुदत केसची नाहीये, आरोपीला चार्जशीटशिवाय किती दिवस कोठडीत ठेवता येईल त्याची आहे. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा बीएनएसएस, त्याचं कलम १८७ बघा, आधी हेच जुन्या सीआरपीसीच्या कलम १६७ मध्ये होतं. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं नाहीतर त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवस, बाकीच्यांना ६०. आणि मोजायचं एफआयआरपासून नाही, अटकेपासूनही नाही, मॅजिस्ट्रेटने पहिला रिमांड दिला त्या दिवसापासून.

समजा घरातल्या चोरीची केस आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत, म्हणजे ६० दिवस. पहिला रिमांड ५ जूनला, तर ३ ऑगस्ट हा साठावा दिवस. तोवर चार्जशीट आली नाही तर ४ ऑगस्टपासून आरोपीला डिफॉल्ट बेल मागता येतो, पण अर्ज करावा लागतो, जामीन भरायची तयारी लागते, आणि अर्जाआधीच चार्जशीट आली तर हा हक्क जातो (इथेच बरेच जण फसतात).

बेल मिळाला तरी तपास चालूच राहतो आणि नंतर आलेली चार्जशीटही चालते. पुरावा सापडला नाही तर पोलीस केस बंद करायचा समरी रिपोर्ट देतात, तो मान्य करायचा की नाही ते मॅजिस्ट्रेट ठरवतात, आणि त्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

खात्री करायची तर एफआयआरवरची कलमं आणि पहिल्या रिमांड ऑर्डरची तारीख बघा.