खिडकी किती उघडते? उकाड्याच्या सिम्युलेशनमागची साठ वर्षे

पश्चिमेला खिडकी असलेली, वरच्या मजल्यावरची बेडरूम सर्वांत जास्त तापते ती भर दुपारी नव्हे, रात्री आठ-नऊच्या सुमारास. चार-पाच वाजता तिरके ऊन आत येते. जमीन, भिंती आणि स्लॅब ते शोषून घेतात आणि बाहेरची हवा निवली तरी कित्येक तास ती उष्णता खोलीत सोडत राहतात. ‘बाहेर ३२ अंश, तर आत किती?’ असा एका क्षणाचा हिशोब इथे उपयोगाचा नाही. काल आणि परवा काय झाले हेही भिंतीच्या पोटात साठलेले असते. त्यामुळे वर्षभराचे हवामान तासातासाने घ्यायचे आणि प्रत्येक टप्प्याला भिंतींतली उष्णता, खिडकीतून येणारे ऊन, माणसे-उपकरणे आणि खेळती हवा यांचा ताळेबंद मांडायचा. डायनॅमिक सिम्युलेशन म्हणतात ते हेच.

या विषयाचा इतिहास बहुतेकदा संगणकाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. भिंतीचे गणित तुलनेने लवकर सुटले. खिडकी कोण, कधी आणि किती उघडणार, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही, आणि एसी नसलेल्या इमारतीत निकाल त्यावरच फिरतो.

सुरुवात ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात झाली. युद्धानंतर मोठ्या काचा आणि हलक्या पार्टिशनच्या शाळा व ऑफिसे उभी राहिली आणि थंड हवेच्या त्या देशात उन्हाळ्यात आत बसवेना. बिल्डिंग रिसर्च स्टेशनच्या ए. जी. लाउडन यांनी १९६८मध्ये एसी नसलेल्या इमारतींचे उन्हाळी तापमान काढण्याची रीत मांडली. ती पुढे अ‍ॅडमिटन्स पद्धत म्हणून रुळली. दिवसभराचा चढउतार ही २४ तासांची एक लाट मानायची आणि प्रत्येक पृष्ठभाग त्या लाटेतली किती उष्णता पोटात घेतो ते पाहायचे. कागदावर जमणारे हे गणित होते. पण त्यात एकच तापलेला दिवस जणू अनंत वेळा येतो असे धरलेले असते. पहिल्या दिवशी सोसवणारे घर चौथ्या दिवशी का असह्य होते, हे त्यातून दिसत नाही.

ते दाखवणारी कल्पना जवळपास त्याच वेळी कॅनडात आकाराला येत होती. १९६७मध्ये स्टीफनसन आणि मिटालास यांनी ‘रिस्पॉन्स फॅक्टर’ मांडले. भिंतीला एका तासाचा उष्णतेचा धक्का दिला तर त्याचा परिणाम पुढच्या तासांत कसा उतरत जातो, याची ती यादी. थोडक्यात, भिंतीची स्मृती आकड्यांत आली. १९७७मध्ये जो क्लार्क यांनी स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात ईएसपी या प्रोग्रामचा पाया घातला. त्यात भिंतीचे पातळ थर करून प्रत्येक थराचा ताळेबंद सोडवला जातो. पुढे २००१मध्ये एनर्जीप्लस हा सिम्युलेशनचा प्रोग्राम आला.

हवेचे गणित मागून आले. सुरुवातीच्या मॉडेलांत ‘ताशी दोन वेळा हवा बदलते’ असा ठोकळ आकडा भरला जाई. प्रत्यक्षात किती हवा येते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर आणि वाऱ्यावर ठरते, आणि आतले तापमान पुन्हा हवेवर. १९८९मध्ये जॉर्ज वॉल्टन यांनी अमेरिकेत एअरनेट लिहिले. त्यात खोल्या म्हणजे गाठी, दारे-खिडक्या म्हणजे वाटा, आणि प्रत्येक गाठीवरचा दाब सोडवायचा. हे जाळे उष्णतेच्या गणिताशी जोडले, तेव्हा कुठे ‘खिडकी उघडली’ या वाक्याला मॉडेलमध्ये अर्थ आला.

पण आत किती तापमान म्हणजे जास्त? सुखद तापमान ठरवणारे पी. ओले फांगर यांचे १९७०चे सूत्र हवामान-कक्षात बसवलेल्या माणसांवरून निघाले होते. मायकेल हम्फ्रीज आणि फर्गस निकोल यांनी १९७०च्या दशकात दाखवले की, स्वतःच्या नेहमीच्या जागेत माणूस कपडे बदलतो, खिडकी उघडतो, जागा बदलतो, आणि गेल्या काही दिवसांच्या हवेनुसार त्याला सोसवणारे तापमानही सरकते. १९९८मध्ये डी डिअर आणि ब्रॅगर यांनी अनेक देशांतल्या मोजण्या एकत्र करून हेच मांडले. युरोपीय मानकात ते २००७मध्ये आले. तिथे नेहमीच्या इमारतींसाठी वरची मर्यादा अशी आहे:

```
Tmax = 0.33 Trm + 21.8
```

`Trm` म्हणजे मागच्या दिवसांच्या बाहेरच्या सरासरी तापमानांची धावती सरासरी. कालच्या दिवसाला तिच्यात सर्वांत जास्त वजन असते. ती १६ असेल तर मर्यादा सुमारे २७.१ अंश, आणि २० झाली तर २८.४.

घरांकडे लक्ष वेधले ते मृत्यूंनी. १९९५च्या जुलैमध्ये शिकागोत सातशेहून अधिक माणसे उकाड्याने गेली. २००३च्या ऑगस्टमध्ये एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जादा मृत्यू झाले. फ्रान्समधल्या पाहणीत थेट छपराखालची बेडरूम हा धोका वाढवणारा घटक ठरला. हे वाचल्यावर वरच्या मजल्याची कोपऱ्यातली खोली मॉडेलमधून कोणी ‘नमुन्यात बसत नाही’ म्हणून वगळली, तर मला ते सहन होत नाही. तपासायची असते तीच खोली.

तरीही बराच काळ निकाल मॉडेल करणाऱ्यावर अवलंबून राहिला. एकाच इमारतीला दोन सल्लागार दोन उत्तरे देत, कारण माणसे किती, खिडक्या कधी उघड्या, हवामानाची फाइल कोणती, हे ज्याने त्याने ठरवायचे. ब्रिटनच्या सिब्सी या अभियंता संस्थेने २०१७मध्ये टीएम५९ ही मार्गदर्शिका काढली ती यासाठी. त्यात घरांसाठी दोन कसोट्या आहेत. मे ते सप्टेंबर या काळात, खोली वापरात असतानाच्या तासांपैकी ३ टक्क्यांहून जास्त तास ती वरच्या मर्यादेपेक्षा एक अंश किंवा अधिक तापू नये. बेडरूम २४ तास वापरात धरली जाते, म्हणजे एकूण ३,६७२ तास, त्यातले ११०. दुसरी कसोटी झोपेची आहे. रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत २६ अंशांच्या वर वर्षातले १ टक्का तास, म्हणजे ३,२८५ पैकी ३२. तेहतिसावा तास आला की खोली नापास. २६ची रेघ ठाम आहे, हवेप्रमाणे सरकत नाही, कारण झोपलेला माणूस उठून जुळवून घेत नाही. बहुतेक फ्लॅट अडतात ते या दुसऱ्या कसोटीवर.

का अडतात ते एका बेडरूमवर पाहू. खोली १२ चौरस मीटर, उंची अडीच मीटर, दोन माणसे. खिडकी एकाच भिंतीला, एक मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच. टीएम५९नुसार झोपेच्या वेळी आतले दार बंद धरायचे, म्हणजे आरपार वारा संपला. उरते एका बाजूची खिडकी, खालून गार हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात यावर प्रयोग झाले आणि १९८०च्या ब्रिटिश मानकात सूत्र आले:

```
Q = Cd × (A/3) × √(g × h × ΔT / T)
```

`Q` म्हणजे येणारी हवा, `A` उघडी जागा, `h` तिची उंची, `g` गुरुत्वाकर्षण, `ΔT` आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक, `T` केल्विनमधले तापमान आणि `Cd` उघड्या जागेतून हवा किती सहज जाते याचा गुणक. वारा पडलेला आहे, आत बाहेरपेक्षा ४ अंश जास्त आहे आणि खिडकी पूर्ण उघडी आहे असे धरा. `Cd` ०.६१ घेतला तर सेकंदाला सुमारे ९७ लिटर हवा येते, ताशी जवळजवळ साडेअकरा वेळा खोलीची हवा बदलते आणि ४६५ वॅट उष्णता बाहेर जाते. झोपलेल्या दोन माणसांची उष्णता टीएम५९च्या हिशोबाने १०५ वॅट. प्रश्नच नाही.

आता त्याच खिडकीला मूल पडू नये म्हणून रिस्ट्रिक्टर लावा. पाखी जेमतेम १० सेंटिमीटर सरकते. उपयोगाची उघडी जागा १.२ चौरस मीटरवरून ०.१५वर येते. त्याच ४ अंशांच्या फरकाला आता सेकंदाला १२ लिटर हवा, आणि बाहेर जाते फक्त ५८ वॅट. माणसांचीच उष्णता त्याहून जास्त आहे, म्हणून खोली तापत राहते. तापली की हवेचा ओघ थोडा वाढतो आणि सुमारे ६ अंशांच्या फरकावर समतोल साधतो. बाहेर २० अंशांची सुखद रात्र असताना आत २६. पूर्ण उघड्या खिडकीला हाच फरक दीड अंश असता. स्लॅबमधून परत येणारी दिवसाची उष्णता यात धरलेलीच नाही, आणि भिंतीतून बाहेर झिरपणारीही नाही. उत्तम इन्सुलेशनच्या घरात ही दुसरी बाजू लहान असते.

मॉडेलमध्ये हा फरक एका खान्यात दडलेला असतो. खिडकीचे पूर्ण क्षेत्रफळ तसेच भरले गेले की खोली झोकात पास होते. तपासायला एक तापलेली रात्र निवडून तासातासाचे हवाबदल पाहावेत. वारा नसताना, एकाच खिडकीच्या खोलीत ताशी पंधरा-वीस वेळा हवा बदलत असेल तर आर्किटेक्टकडून पाखीचे रेखाचित्र मागवावे. २२ अंशांना खिडकी दर टप्प्याला उघड-मीट करत असेल, तर नियम ठिगळासारखा बसवलेला आहे. खरा माणूस रात्री तीनला उठून तावदान चाळवत नाही.

हवामानाच्या फाइलचाही असाच घोळ होता. आधीचे ‘डिझाइन समर इयर’ म्हणजे वीस वर्षांतला तिसरा सर्वांत उष्ण उन्हाळा, तोही एप्रिल ते सप्टेंबरच्या सरासरीवरून निवडलेला. सरासरी उष्ण, पण एकही कडक लाट नाही, असे वर्ष त्यात निवडले जाऊ शके. २०१४मध्ये लंडनसाठी तीन वेगळी वर्षे ठरली: १९८९चा मध्यम उष्ण उन्हाळा, २००३ची छोटी पण तीव्र लाट आणि १९७६चा लांबलेला उकाडा. सक्तीची चाचणी मात्र पहिल्यावरच असते. उरलेल्या दोन फाइली चालवून पाहायला वेळ लागत नाही, आणि माझ्या मते अहवालात त्यांचा निकाल असायलाच हवा.

खिडकीचा प्रश्न कायद्यात आला तो १५ जून २०२२ला, इंग्लंडच्या ‘पार्ट ओ’ या बांधकाम नियमाने. त्यानंतर पाचच आठवड्यांत, १९ जुलैला, तिथे प्रथमच ४० अंशांच्या वर पारा गेला. पार्ट ओने मॉडेल करणाऱ्याच्या हातातून खिडकी बऱ्याच अंशी काढून घेतली. दिवसा, खोलीत माणसे असताना, ती २२ अंशांना उघडायला लागते आणि २६ला पूर्ण उघडते. रात्री ११ला खोली २३ अंशांच्या वर असेल, आणि खिडकी तळमजल्यावर किंवा बाहेरून सहज हात पोहोचेल अशी नसेल, तर ती रात्रभर पूर्ण उघडी धरायची. मात्र बेडरूममध्ये रात्रीचा आवाज सरासरी ४० डेसिबलच्या वर जात असेल, तर लोक खिडकी बंदच ठेवणार असे मानावे लागते. वरच्या गणितात मग `A` शून्य होतो. रहदारीच्या रस्त्यावरच्या खोलीला तेव्हा बाहेरून ऊन अडवणारी शटर, आवाज गाळणारी झडप किंवा यांत्रिक हवा यांपैकी काहीतरी लागते. ते आराखड्याच्या पहिल्या महिन्यात ठरले नाही, तर दर्शनी भाग पक्का झाल्यावर बहुधा एसीच उरतो.