घड्याळ पडले की नेमके काय मोडते: बॅलन्सच्या टोकांची पार्श्वभूमी

वडिलांचे एचएमटी ‘जनता’ न्हाणीघरातल्या फरशीवर पालथे पडले, तेव्हा काचेला ओरखडासुद्धा आला नाही. कानाला लावले तर टिकटिक चालू. आठवड्याभरात मात्र ते विचित्र वागू लागले. टेबलावर काच वर ठेवून ठेवले की वेळ ठीक, पालथे ठेवले की रात्रीतून मागे. याचा उलगडा घड्याळजींनी भिंगातून पाहून केला. पण दुखणे असेच का दिसते हे कळायला थोडे मागे जावे लागते.

चावीच्या घड्याळाचा ठोका बॅलन्स ठरवतो. हे सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचे चाक हेअरस्प्रिंग या केसासारख्या बारीक, वेढ्यांच्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे-मागे झुलत असते, ‘जनता’सारख्या घड्याळात ताशी 18,000 वेळा. चाकाच्या मधोमध पोलादी दांडा असतो, त्याला कारागीर ‘स्टाफ’ म्हणतात. दांड्याची दोन्ही टोके, म्हणजे पिव्हट, मुद्दाम अतिशय बारीक केलेली असतात, कारण जितके बारीक टोक तितके घर्षण कमी. मनगटी घड्याळात ही जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास येते, जवळजवळ केसाएवढी. प्रत्येक टोक एका भोक पाडलेल्या माणकातून जाते आणि त्याच्या मागच्या सपाट माणकावर टेकते. घड्याळातला इतर बहुतेक भाग यापेक्षा दणकट असतो, पण सगळ्यात जड झुलता भाग नेमका या सगळ्यात नाजूक टोकांवर तोललेला आहे.

आता पडण्याचा हिशेब करू. एक मीटरवरून पडलेले घड्याळ फरशीला साधारण सेकंदाला 4.4 मीटर वेगाने धडकते. समजा, फरशी, काच आणि कवच मिळून ते अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात थांबले. एक मीटर भागिले अर्धा मिलिमीटर, म्हणजे धक्का गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पट. बॅलन्सचे वजन 50 मिलिग्रॅम धरले, तर त्या क्षणी ते 100 ग्रॅम असल्यासारखे केसाएवढ्या टोकावर दाबले जाते. घड्याळ बाजूने आपटले तर हा भार टोकाला वाकवतो आणि कडक पोलाद असल्याने ते वाकण्याआधी तुटूही शकते. पालथे किंवा उताणे आपटले तर टोक माणकावर ठोकले जाऊन बोथट होते, कधी कडेला फुगते.

खिशातल्या घड्याळांच्या काळातही ही मोडतोड होतच असे. पॅरिसमधील घड्याळकार अब्राहम-लुई ब्रेगे यांनी 1790 च्या सुमारास त्यावर एक युक्ती काढली, तिला ‘पॅरेशूट’ म्हणतात. टोकामागचे माणिक पक्के न बसवता त्यांनी ते एका पातळ स्प्रिंगच्या पट्टीवर ठेवले. धक्का बसला की माणिक जरा मागे सरके आणि पुन्हा जागेवर येई. ब्रेगे यांनी पाहुण्यांसमोर आपले घड्याळ जमिनीवर आपटून दाखवले, अशी आख्यायिका सांगितली जाते. तरी ही रचना महागड्या घड्याळांपुरतीच राहिली. पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ खिशातून मनगटावर आले, दिवसभर हाताबरोबर हलू-आपटू लागले आणि तुटलेला स्टाफ बदलणे हे दुरुस्तीच्या दुकानातले नित्याचे काम होऊन बसले.

मोठा बदल 1934 मध्ये स्वित्झर्लंडच्या ला शो-द-फोंमधून आला. ‘इन्काब्लॉक’ या रचनेत टोकाची दोन्ही माणके एका छोट्या कोंदणात बसवतात, कोंदण उतरत्या कडांच्या वाटीत ठेवतात आणि वरून लायर या तारवाद्याच्या आकाराची नाजूक स्प्रिंग त्याला दाबून धरते. धक्का बसला की कोंदण वाटीच्या उतारावर चढते, टोक त्याच्याबरोबर सरकते आणि तेवढ्यात स्टाफचा जाड भाग चौकटीच्या कडेला टेकतो. भार टोकावरून जाड भागावर जातो, मग स्प्रिंग सगळे पुन्हा मध्यावर आणते. जपानच्या सिटिझनने 1956 मध्ये आपली ‘पॅराशॉक’ रचना आणली आणि ती पटवून देण्यासाठी घड्याळे हेलिकॉप्टरमधून खाली टाकून दाखवली. 1961 मध्ये बंगळुरूला सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला आणि ‘पॅराशॉक’ हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या मनगटांवर आला. अनेक ‘जनता’ घड्याळांच्या तबकडीवर तो आजही वाचता येतो.

या शब्दावर लोक जरुरीपेक्षा जास्त विसंबतात, असे मला वाटते. ‘धक्कारोधक’ म्हणण्यासाठीच्या ISO 1413 या मानकात एक मीटरवरून कठीण लाकडावर पडण्याइतका धक्का धरला आहे. एक घाव काचेवर, एक नऊच्या बाजूवर, आणि नंतर घड्याळाच्या दैनिक चालीत 60 सेकंदांपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. लाकडापेक्षा ग्रॅनाइट किंवा टाइल्स कठीण, तिथे थांबण्याचे अंतर आणखी कमी आणि धक्का तेवढाच जास्त. शिवाय स्प्रिंग जुनी, सैल किंवा वाळलेल्या तेलाने चिकटलेली असेल तर कोंदण वेळेवर सरकत नाही. म्हणून आज टोके पूर्वीइतकी कटकन तुटत नाहीत, ती थोडी वाकतात किंवा बोथट होतात. घड्याळ चालत राहते आणि इजा लपून बसते.

ती ओळखायचा मार्ग म्हणजे घड्याळाची स्थिती बदलणे. पालथे ठेवल्यावर बॅलन्स तबकडीकडच्या टोकावर टेकतो, उताणे ठेवल्यावर मागच्या झाकणाकडच्या. उभे धरले की दोन्ही टोके माणकाच्या भोकाच्या कडेवर रेलतात. बॅलन्स मध्यापासून एका बाजूला जितके अंश फिरतो तो त्याचा झोका. चांगल्या, पूर्ण चावी दिलेल्या घड्याळात उताण्या आणि पालथ्या स्थितीत झोका जवळजवळ सारखा असतो, उभ्यात थोडा कमी. पडण्यापूर्वी असा फरक नव्हता आणि आता एकाच सपाट स्थितीत झोका खाली आला, तर त्या बाजूचे टोक बोथट झाल्याचा संशय घ्यावा. उभ्या स्थितीत घड्याळ कधी पुढे कधी मागे जात असेल, किंवा एका विशिष्ट कलाने थांबत असेल, तर वाकलेल्या टोकाची शक्यता मोठी. झाकण उघडून बॅलन्सच्या कडेकडे पाहिले तर वाकलेल्या स्टाफचे चाक डगमगताना दिसते. टोक पूर्ण तुटले असेल तर बॅलन्स एका बाजूला कलंडून पडतो आणि घड्याळ हलवले तरच क्षणभर चालते. पण थांबलेल्या घड्याळात हेअरस्प्रिंगचे वेढेही एकमेकांत अडकलेले असू शकतात, ते आधी पाहावे.

घरी करण्याजोगी चाचणी सोपी आहे. पूर्ण चावी देऊन एक दिवस उताणे, दुसऱ्या दिवशी पालथे, तिसऱ्या दिवशी बारा वर करून उभे ठेवा आणि प्रत्येक वेळी 24 तासांनी फरक लिहून ठेवा. रोज चावी एकाच वेळी द्या, नाहीतर आकडे तुलना करण्याजोगे राहत नाहीत.

टिकटिक ऐकून चाल आणि झोका मोजणाऱ्या टाइमग्राफर यंत्रावर आमच्या घड्याळाचा उताणा झोका 265 अंश निघाला, पालथा 190. घड्याळ पालथेच पडले होते, म्हणजे घाव तबकडीकडच्या टोकावर बसला होता. भिंगाखाली त्या टोकाचा गोलसर माथा चपटा दिसला, बाजूला पोलादाची बारीक कड सुटलेली. टोक सरळ होते आणि त्यामागचे माणिक तडकलेले नव्हते, म्हणून घड्याळजींनी स्टाफ बदलला नाही. पिव्हट घासण्याच्या जाकोट टूल या छोट्या हत्यारावर बसवून माथा पुन्हा घासून चकचकीत केला, माणके धुतली, नवे तेल दिले. पालथा झोका 255 वर आला. टोक वाकलेले असते तर त्यांनी सरळ करायचा प्रयत्न केला नसता, कडक पोलाद परत वळवताना बहुधा तुटते. मग स्टाफच नवा घालावा लागतो आणि माणिक तडकले असेल तर तेही बदलावे लागते, कारण चिरलेल्या कडेवर नवे टोक लवकर झिजू लागते.