करंगळी का वाकते: अल्नर नर्व्हच्या प्रश्नांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची आणि नीट-पीजीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी हाताच्या नर्व्ह इंज्युरीवर एक प्रश्नसंच केला आहे. रेडियल, मीडियन, ब्रेकियल प्लेक्सस हे सगळं त्यात आहे. इथे मात्र अल्नर नर्व्हच्या प्रश्नांबद्दलच लिहितो. पाठांतर चोख असलेली मुलंही तिथे अडखळतात, कारण ती उत्तरं आली कुठून हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

संचातला पहिला प्रश्न असा आहे. बीडकडून ऊसतोडीला आलेला २६ वर्षांचा मजूर. डाव्या हाताने ऊस धरलेला असताना कोयता निसटला आणि त्याच हाताला करंगळीच्या बाजूने खोल जखम झाली. जखम नेमकी कुठे, हे प्रश्नात मुद्दाम दिलेलं नाही. अनामिका आणि करंगळी मुळाशी मागे ताणलेली आणि पुढच्या सांध्यांत चांगलीच वाकलेली आहेत. करंगळीला तळहाताच्या बाजूने संवेदना नाही, पण हाताच्या पाठीवर करंगळीच्या बाजूला ती शाबूत आहे. अंगठा तळहातापासून सरळ वर उचलता येतो. नर्व्ह कुठे तुटली: मनगटाशी, कोपराशी, काखेत, की इजा टी-१ मुळाला आहे?

उत्तर मनगट. पाठीवरची संवेदना नेणारी फांदी मनगटाच्या काही सेंटिमीटर वरच अल्नरपासून वेगळी होते, त्यामुळे मनगटाशी झालेला घाव तिला लागत नाही. कोपराशी किंवा काखेत नर्व्ह तुटली असती तर तीही गेली असती. अंगठा वर उचलणारा स्नायू मीडियनवर चालतो, पण त्याचे तंतू टी-१ मुळातूनच येतात. मूळ दुखावलं असतं तर तोही कमकुवत झाला असता आणि बाहूच्या आतल्या बाजूने कोपराखालची त्वचाही बधिर झाली असती.

आता बोटं अशी का वाकतात, हे बघू. याचं उत्तर पॅरिसच्या द्युशेनने शोधलं. त्वचेवरून विजेचा प्रवाह देऊन तो एकेक स्नायू वेगळा हलवून बघायचा. त्या निरीक्षणांचं त्याचं मोठं पुस्तक १८६७ साली आलं. तळहातातले इंटरऑसिआय आणि लम्ब्रिकल्स बोट मुळाशी वाकवतात आणि पुढचे सांधे सरळ ठेवतात, हे त्याच्या कामातून स्पष्ट झालं. अल्नर तुटून हे स्नायू गेले की बोट मुळाशी मागे ओढणाऱ्या एक्स्टेन्सरला कुणी अडवत नाही, आणि पुढचे सांधे फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस आत ओढून घेतो. तर्जनी आणि मध्यमा बऱ्याच अंशी वाचतात, कारण त्यांचे लम्ब्रिकल्स मीडियनवर चालतात.

एवढं पक्कं झालं की अल्नर पॅराडॉक्स पाठ करावा लागत नाही. अनामिका आणि करंगळीच्या प्रोफंडसला फांदी कोपराच्या थोडं खाली मिळते. नर्व्ह कोपराशी तुटली तर बोटं आत ओढणारा हा स्नायूही जातो. मग इजा मोठी असूनही बोटांचा हा वाकडेपणा, म्हणजे क्लॉ, कमी दिसतो. मनगटाशी तुटली तर प्रोफंडस पूर्ण जोरात असतो आणि क्लॉ ठळक होतो.

पुढचे दोन प्रश्न १९१५ साली लिहिल्या गेलेल्या चिन्हांवर आहेत. पहिल्या महायुद्धात हातापायांच्या नर्व्हना गोळ्या लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येत होते, आणि खरी पॅरालिसिस कुठली, मानसिक धक्क्यातून आलेली कुठली, हे बिछान्यापाशीच ठरवायचं होतं. फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट फ्रोमाँने रुग्णाला अंगठा आणि तर्जनी यांच्यात वर्तमानपत्र धरायला लावलं आणि ते ओढलं. अल्नरवर चालणारा अडक्टर पॉलिसिस गेलेला असेल तर रुग्ण अंगठ्याचं पेर वाकवून कागद धरून ठेवतो. ते पेर फ्लेक्सर पॉलिसिस लॉंगस वाकवतो, आणि तो मीडियनच्या अँटिरिअर इंटरऑसियस फांदीवर चालतो. म्हणून अल्नरबरोबर मीडियनही वरच तुटली असेल तर पेर वाकत नाही, कागद नुसता सुटून जातो. संचात हा प्रश्न घालावा असं मला फार वाटत होतं, कारण चिन्ह दिसलं नाही म्हणून अल्नर शाबूत आहे असं धरणं धोक्याचं आहे. दोन बोटांच्या मध्ये कागद धरायची कार्ड टेस्ट वेगळी, ती पामर इंटरऑसिआयची. परीक्षेत या दोघींची सर्रास अदलाबदल होते.

नर्व्हवर टिचकी मारली की पुढे मुंग्या येतात, हे चिन्हही त्याच साली लिहिलं गेलं, जर्मनीत हॉफमनने आणि फ्रान्समध्ये टिनेलने. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांत एकच गोष्ट टिपली गेली. मुंग्या उठण्याची जागा महिन्यागणिक बोटांकडे सरकत असेल तर तंतू वाढत आहेत.

किती वाढतात, याचं मोजमाप दुसऱ्या महायुद्धात झालं. ब्रिटिश सर्जन सेडनने १९४३ साली नर्व्हच्या इजेचे न्यूरॅप्रॅक्सिया, अ‍ॅक्सोनॉटमेसिस आणि न्यूरॉटमेसिस असे तीन प्रकार मांडले, आणि त्याच साली मेडावार व स्मिथ यांच्यासोबत माणसाच्या नर्व्हचा वाढीचा वेगही मोजला. आपण परीक्षेला दिवसाला सुमारे १ मिलिमीटर धरतो. त्यावर बेतलेला प्रश्न मुलांना सगळ्यात जड जातो. कोपराशी तुटलेली अल्नर शिवली. पाच महिन्यांनी घरचे घाबरून आले, कारण बोटं आधीपेक्षा जास्त वाकायला लागली आहेत. बहुतेक जण ‘टाके निकामी’ हा पर्याय निवडतात. हिशेब करून बघा: प्रोफंडसची फांदी कोपराखाली थोड्याच सेंटिमीटरवर आहे, तंतू तिथे दोन-तीन महिन्यांत पोचतात, मग स्नायूला जोर यायला आणखी वेळ लागतो. तळहात मात्र जवळजवळ ३० सेंटिमीटर लांब, म्हणजे १० महिन्यांच्या पुढे. मधल्या काळात बोटं आत ओढणारा स्नायू परतलेला असतो आणि सरळ करणारे आलेले नसतात. क्लॉ वाढला ही इथे सुधारणेची खूण आहे. टिनेलची जागा पुढे सरकली आहे का आणि करंगळीचं शेवटचं पेर जोर लावून वाकतंय का, हे तपासलं की खात्री होते.

कुष्ठरोगाचा प्रश्न वेगळा ठेवला आहे, कारण तिथे वरचा नियम आंधळेपणाने लावला तर फसतो. कुष्ठरोगात अल्नर बहुधा कोपराच्या जरा वर जाड झालेली हाताला लागते, तरी क्लॉ ठळक असतो. कोपराखालचे स्नायू सहसा बरेच शाबूत राहतात, म्हणून. याच शाबूत स्नायूंचे टेंडन वळवून सर्जन पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून वेल्लोरला क्लॉ झालेले हात वापरात आणले. कुष्ठरोगाने वाकलेली बोटं आपल्याकडे ओपीडीत आजही दिसतात, त्यामुळे हा प्रश्न मी वगळू दिला नाही.

शेवटचा प्रश्न अलीकडच्या शस्त्रक्रियेवर आहे. नर्व्हचा पुरवठा तुटलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षानंतर नवे तंतू नीट स्वीकारत नाही, आणि काखेजवळ तुटलेल्या अल्नरचे तंतू तळहातात पोचायला त्याहून जास्त काळ लागू शकतो. म्हणून अँटिरिअर इंटरऑसियसची प्रोनेटर क्वाड्रेटसला जाणारी फांदी मनगटाच्या वर अल्नरच्या मोटर भागाला जोडतात. अंतर थोड्या सेंटिमीटरवर येतं. संवेदना मात्र या जोडणीने परत येत नाही. इजा होऊन दोन वर्षं उलटली असतील तर हा पर्याय चूक, तिथे टेंडन ट्रान्सफर. त्यामुळे या प्रश्नात इजेला किती महिने झाले, ते आधी वाचा आणि मग पर्यायांकडे जा.