‘द’ आणि ‘तो’ : इंग्रजी उपपदांची पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्यातील माझ्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी शिकतात. मध्यंतरी त्यांना दोन वाक्ये भाषांतराला दिली होती : ‘गेटवर रिक्षा उभी आहे’ आणि ‘रिक्षा गेटवर उभी आहे’. बहुतेक वह्यांत दोन्हींचे उत्तर एकच आले, ‘रिक्शा इज ॲट गेट’. मराठीतला फरक मात्र प्रत्येकाला कळत होता. पहिल्या वाक्यात कुठलीशी रिक्षा आल्याची बातमी आहे. दुसऱ्यात आपण बोलावलेली, दोघांनाही ठाऊक असलेली रिक्षा कुठे आहे ते सांगितले आहे. म्हणून पहिल्याचे इंग्रजी ‘देअर इज अ रिक्शा ॲट द गेट’ असे होते आणि दुसऱ्याचे ‘द रिक्शा इज ॲट द गेट’. गेटला दोन्हीकडे ‘द’ लागतो, कारण सोसायटीचे कोणते गेट हे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात. जे काम मराठीत शब्दांच्या क्रमाने होते, त्यासाठी इंग्रजीला उपपद लागते.

इंग्रजीलाही ते पूर्वी लागत नव्हते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आजच्या अर्थाची उपपदे नव्हती. होती ती दर्शक सर्वनामे, आणि तीही आपल्यासारखी तीन लिंगांची : पुल्लिंगी ‘से’, स्त्रीलिंगी ‘सेओ’, नपुंसकलिंगी ‘थॅट’. संस्कृतातील ‘सः, सा, तत्’ यांची ही सख्खी भावंडे आहेत. साम्य रूपावलीतही दिसते. संस्कृतात प्रथमेच्या एकवचनी ‘सः’ आणि ‘सा’ एवढ्याच रूपांत ‘स’ आहे, पुढे ‘तम्’, ‘तेन’, ‘तस्य’ असा ‘त’ सुरू होतो. जुन्या इंग्रजीतही ‘से’ आणि ‘सेओ’ सोडले की बाकी रूपे ‘थ’ने सुरू होत. एकट्या पडलेल्या ‘स’च्या रूपांना बहुसंख्य रूपांनी आपल्याकडे ओढले आणि ‘से’चा ‘थे’ झाला. मराठीत ‘सः’च्या जागी ‘तो’ आला, तोही याच ओढीने. पुढे इंग्रजीतील विभक्तिप्रत्यय झिजले, नामांचे व्याकरणिक लिंग गेले आणि सर्व नामांना चालणारा एकच ‘थे’ उरला. इंग्लंडमधील पीटरबरोच्या मठात 1154 पर्यंत लिहिल्या गेलेल्या बखरीच्या शेवटच्या नोंदींत हा बदल स्पष्ट दिसतो. आजचा ‘द’ तो हाच. नपुंसकलिंगी ‘थॅट’ मात्र ‘दॅट’ म्हणून वेगळा टिकला, आणि बोट दाखवण्याचे काम त्याच्याकडे राहिले.

‘अ’ची कथा ‘एक’ या संख्येपासून सुरू होते. जुन्या इंग्रजीत ‘आन’ म्हणजे एक, आणि ज्याची गणती करायची नाही तिथे तो वापरण्याची सक्ती नव्हती. ‘बेओवुल्फ’ या जुन्या काव्याच्या आरंभीच एका राजाविषयी जे म्हटले आहे, त्याचे शब्दशः मराठी ‘तो चांगला राजा होता’ असे होते. तिथे उपपद नाही. आजच्या इंग्रजीत तेच वाक्य ‘दॅट वॉज अ गुड किंग’ असेच लिहावे लागते. माझ्या विद्यार्थ्यांची सर्वांत चिवट चूक याच जागी होते. ‘एक राजा होता’ या वाक्यात ‘एक’ दिसतो, म्हणून तिथे ‘अ’ आठवतो. ‘बाबा डॉक्टर आहेत’ यात ‘एक’ नाही, म्हणून ‘माय फादर इज डॉक्टर’ लिहिले जाते. मराठीतला ‘एक’ अजून संख्येला धरून आहे, इंग्रजीतल्या ‘अ’ने ती केव्हाच सोडली आहे. त्यामुळे ‘एक’ शोधून ‘अ’ लावण्याची युक्ती इथे पुरत नाही. व्यवसाय सांगताना, माणूस एकच असेल तर, ‘अ’ किंवा ‘ॲन’ घालावाच लागतो.

‘ॲन’ हे ‘अ’चे वाढवलेले रूप आहे असे आपल्याकडे शिकवले जाते, इतिहासात क्रम उलटा आहे. ‘आन’ आघात गमावून आखूड झाला तो ‘ॲन’, आणि पुढे व्यंजन आले तिथे त्यातला ‘न’ गळून ‘अ’ उरला. स्वरापुढे ‘न’ टिकला. हे सगळे जिभेवर घडले, म्हणून नियम आजही उच्चाराचा आहे : ‘युनिव्हर्सिटी’च्या आरंभी ‘य’ ऐकू येतो म्हणून ‘अ’, ‘अवर’मधला ‘एच’ मुका म्हणून ‘ॲन’. या ‘न’ची हद्द कुठे संपते याचा खुद्द इंग्रजांचाही गोंधळ होत असे. कमरेला बांधायच्या कापडाला फ्रेंचमधून आलेला शब्द ‘नॅप्रन’ होता, नॅपकिनच्या कुळातला. ‘अ नॅप्रन’ ऐकून लोकांनी ‘ॲन ॲप्रन’ असा तोडला, आणि ‘न’ कायमचा उपपदाकडे गेला.