डाळिंबाचा रस की आवळ्याचा: रक्तदाब, प्रतिकारशक्ती आणि रोजच्या गोळ्या

सकाळी बागेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या रसाच्या गाडीवर लाल आणि हिरवट असे दोन्ही पेले शेजारीशेजारी मांडलेले असतात आणि विकणारा दोन्हींबद्दल एकच वाक्य सांगतो: बीपी कमी होते, प्रतिकारशक्ती वाढते. वास्तविक या दोन रसांचे काम वेगळे आहे, त्यांच्यामागचा पुरावा वेगळा आहे आणि रोजच्या गोळ्यांशी त्यांचा खटका उडतो तोही वेगळ्या ठिकाणी.

रक्तदाबाबाबत डाळिंबाचे पारडे थोडे जड आहे. या रसातील पॉलिफेनॉल द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, आणि रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल ही रक्तदाबाची औषधे ज्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, रोखतात त्याच विकराची क्रिया डाळिंबाच्या रसाने मंदावल्याचे एका छोट्या अभ्यासात आढळले होते. तेथे रोजची मात्रा फक्त 50 मिलिलिटर होती. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर वरच्या आकड्यात सुमारे 5 आणि खालच्या आकड्यात सुमारे 2 अंकांची घट दिसली. आवळ्याच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत रक्तदाब उतरला, तर औषध घेऊनही रक्तदाब आटोक्यात नसलेल्या रुग्णांना आवळा जोडून दिलेल्या एका चाचणीत औषधी द्रव्य नसलेल्या गोळीच्या तुलनेत विशेष फरक पडला नाही. केवळ बीपीसाठी आवळ्याचा रस सुरू करावा असे म्हणण्याइतका आधार आज तरी नाही.

पाच अंकांची ही घट खरी धरली तरी व्यवहारात तिचा अर्थ काय होतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ टेल्मिसार्टन 40 आणि अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम असलेली जोडगोळी घेतात. घरच्या यंत्रावर आकडा 132/82 च्या आसपास असतो. ते रोज पेलाभर डाळिंबाचा रस सुरू करतात आणि आठवड्याभराने गोळी बंद करतात. दुसऱ्या दिवशी आकडा 130, तिसऱ्या दिवशी 134. त्यांची खात्री पटते की रसाने काम केले. पण या दोन्ही औषधांचा अंमल शरीरातून सावकाश उतरतो. गोळी थांबवल्यावर रक्तदाब मूळ पातळीवर परतायला कित्येक दिवस, कधी आठवडाभरही लागतो. म्हणजे तिसऱ्या दिवशीचा 134 हा शिल्लक राहिलेल्या गोळीचा आकडा आहे, रसाचा नव्हे. दहाव्या दिवशी यंत्र 154/94 दाखवते तेव्हा दोष कालच्या जेवणाला किंवा अपुऱ्या झोपेला दिला जातो. रसाविषयीच्या बहुतेक घरगुती ग्वाहीमागे हीच गफलत असावी, असे माझे मत आहे.

रसाने खरोखर काही फरक पडतो का, हे पाहायचे असेल तर गोळी तशीच चालू ठेवून पाहावे. पाठ टेकवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सात दिवस करून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. मग रस सुरू करून काही आठवड्यांनी तीच मोजणी पुन्हा करावी. एकाच माणसाचा रक्तदाब एका दिवसात दहा-पंधरा अंकांनी सहज हलतो, त्यामुळे एकेकट्या आकड्यावरून पाच अंकांचा फरक ओळखूच येत नाही. घरच्या मोजणीत सरासरी 135/85 किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांकडे ती वही घेऊन जावे. गोळीची मात्रा कमी करायची का, हे त्या वहीवरून त्यांनी ठरवायचे.

प्रतिकारशक्तीच्या दाव्यात पारडे उलट फिरते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार 100 ग्रॅम आवळ्यात सुमारे 250 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, तर बाटलीबंद डाळिंबाच्या रसात ते जवळजवळ नसते. मात्र रोज क जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही. ती झालीच तर मोठ्यांमध्ये तिचा काळ जेमतेम आठ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. प्रौढ पुरुषाची रोजची गरज 80 मिलिग्रॅम आहे आणि ती एका मध्यम आवळ्यात भागते. (पेरूही यात फारसा मागे नाही, पण त्याची गाडी कोणी औषध म्हणून लावत नाही.)

आता गोळ्यांकडे येऊ. डाळिंबाच्या बाबतीत लोक ज्या धोक्याविषयी विचारतात तो बहुधा ग्रेपफ्रूटचा असतो. ग्रेपफ्रूटमुळे आतड्यातील औषध मोडणारे एक विकर बंद पडते आणि फेलोडिपिन, सिमव्हास्टॅटिन यांसारख्या औषधांची रक्तातील पातळी वाढते. आपल्याकडचे पपनस त्याच कुळातले आहे आणि त्यातही तशी द्रव्ये असतात. डाळिंबाचा असाच परिणाम प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये दिसला होता, पण निरोगी माणसांवरील चाचणीत तो दिसला नाही. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप, बदलल्याच्या तुरळक नोंदी आहेत, म्हणून वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल चालू असणाऱ्याने रस सुरू करताना आणि बंद करतानाही ती तपासणी करून घ्यावी.

डाळिंबाचा खरा प्रश्न पोटॅशियमचा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. 250 मिलिलिटर रसात पोटॅशियम 500 मिलिग्रॅमच्या वर जाते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही सारी औषधे मूत्रपिंडाला पोटॅशियम पुरेसे बाहेर टाकू देत नाहीत. मूत्रपिंड ठणठणीत असेल तर एखाद्या पेल्याने काही बिघडत नाही. वरच्या गृहस्थांचे मूत्रपिंड मात्र मंदावून क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर रोजचा मोठा पेला त्यांच्या रक्तातील पोटॅशियमची पातळी 5 च्या पुढे नेऊ शकतो. वाढलेले पोटॅशियम बहुधा काहीच जाणवू देत नाही. पायांत अशक्तपणा किंवा छातीत चुकलेले ठोके जाणवेपर्यंत ते बरेच पुढे गेलेले असते, म्हणून रक्ततपासणी हाच ओळखण्याचा मार्ग आहे. त्याच पेल्यात सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे सात लहान चमचे साखर असते. मधुमेह असेल तर रसाऐवजी वाटीभर दाणे चावून खाणे केव्हाही बरे, कारण त्यातला चोथा पोटात जातो.

आवळ्याचा खटका दुसऱ्या गोळ्यांशी आहे. तो रक्तातील साखर काहीशी उतरवतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींची एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्तीही थोडी कमी करतो. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी आवळ्याचा रस घेऊन फिरायला जाणे त्यामुळे जपून करावे: हात थरथरणे, दरदरून घाम, अचानक भूक ही लक्षणे दिसली तर तिथेच ग्लुकोमीटरने साखर पाहावी. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर दात काढण्यापूर्वी अथवा शस्त्रक्रियेपूर्वी रसाचाही उल्लेख डॉक्टरांकडे करावा. मुतखडा झालेल्यांनी मात्रा वाढवू नये, कारण जादा क जीवनसत्त्वाचे शरीरात ऑक्झलेट बनते.

थायरॉइडची गोळीही नेमकी याच वेळी येते. ती रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. रस तिच्यानंतर किमान अर्ध्या-पाऊण तासाने घ्यावा. आणि गाडीवरचा आवळ्याचा पेला घेताना विकणाऱ्याचा हात धरावा, कारण तो तुरटपणा झाकण्यासाठी वरून काळे मीठ टाकतो. पाव चमचा मिठात सुमारे 500 मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा एक चतुर्थांश भाग बीपीच्या रुग्णाच्या पोटात फाटकाबाहेरच गेलेला असतो.