झॅन्थोमा, झॅन्थेलाझ्मा व कॉर्नियल आर्कस

रक्तातील कोलेस्टेरॉल दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास ते रोहिण्यांच्या भिंतींप्रमाणेच शरीराच्या इतर काही भागांतही साचते. स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरांमध्ये साचून तयार होणाऱ्या गाठी (कंडरा-झॅन्थोमा), पापण्यांवरचे पिवळे चट्टे (झॅन्थेलाझ्मा) आणि बुबुळाच्या कडेने दिसणारे राखाडी-पांढरे वलय (कॉर्नियल आर्कस) ही त्याची तीन बाह्य चिन्हे होत. तिन्हींचा उल्लेख सहसा एकत्र होतो, मात्र निदानाच्या दृष्टीने त्यांचे वजन अगदी वेगवेगळे आहे. सर्वांत सहज दिसते ते पापणीवरचे चिन्ह, आणि निदानासाठी सर्वांत कमी भरवशाचेही तेच. उलट कंडरेतील गाठ बोटांनी चाचपल्याशिवाय बहुधा लक्षात येत नाही, पण ती सापडली की आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल-विकाराचे निदान जवळजवळ निश्चित होते. म्हणून प्रस्तुत नोंदीत तिचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

इतिहास : पापण्यांवरच्या पिवळ्या चट्ट्यांचे पहिले वर्णन कोणाचे, याविषयी एकमत नाही. फ्रेंच वैद्य प्येअर रेये यांच्या १८३०–४० या दशकातील त्वचारोगविषयक लेखनात असे चट्टे आढळतात. तथापि इंग्रजी परंपरेत हा मान सामान्यतः लंडनमधील टॉमस ॲडिसन व विल्यम गल यांना दिला जातो. १८५१ मध्ये त्यांनी ‘व्हिटिलिगॉइडिया’ या नावाखाली सपाट व गाठाळ असे दोन प्रकार वर्णिले. चट्टे कोणी आधी पाहिले एवढाच प्रश्न असेल, तर रेये यांचा दावा अधिक बळकट दिसतो. ॲडिसन व गल यांचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. त्यांनी पुरळाची सांगड अंतर्गत आजाराशी घातली. मात्र त्यांच्या रुग्णांपैकी काहींना दीर्घकाळची कावीळ होती, तर एकाला मधुमेह होता. म्हणजे आज ज्या आनुवंशिक विकाराशी या गाठी जोडल्या जातात, तो विकार त्या मूळ लेखात बहुधा नव्हताच. पित्तमार्ग तुंबल्यामुळे किंवा ट्रायग्लिसराइडे बेसुमार वाढल्यामुळे होणारे चट्टे आणि कंडरांतील गाठी यांची सरमिसळ पुढे कित्येक दशके चालू राहिली, तिचे मूळ इथेच असावे.

हृदयविकाराशी असलेला संबंधही टप्प्याटप्प्याने उघड झाला. १८८९ मध्ये जर्मनीतील लेत्सेन व क्नाउस यांनी एका मुलीच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्वचेवर झॅन्थोमा असलेल्या या मुलीच्या महारोहिणीतही तसेच थर साचलेले होते. तरीही या गाठी म्हणजे एक प्रकारचे अर्बुद होय, हे मत मागे पडायला वेळ लागला. निर्णायक काम ऑस्लो येथील कार्ल म्यूलर यांचे मानले जाते. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी १७ नॉर्वेजियन कुटुंबांचा अभ्यास मांडला. कंडरांतील गाठी, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि छातीतील कळ हे तिन्ही एकाच आनुवंशिक दोषाचे परिणाम असून तो दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, असे त्यांनी दाखवले. त्याच सुमारास अमेरिकेत थानहाउझर व मागेन्डान्ट्स यांनी झॅन्थोमांचे वर्गीकरण केले. त्यामुळे श्रेयाबाबत मतभेद असले, तरी आनुवंशिकतेपुरते म्यूलर यांचे विवेचन अधिक स्पष्ट आहे. लेबनॉनमधील कुटुंबांवरून खाचादुरियन यांनी १९६४ मध्ये एक सदोष जनुक असलेले व दोन सदोष जनुके असलेले रुग्ण वेगळे करून दाखवले. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल-कण टिपून घेणाऱ्या, यकृतपेशींवरील एलडीएल-ग्राही प्रथिनाची उणीव हे या विकाराचे कारण मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी शोधले. त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लिओनार्दोच्या मोनालिसाच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी दिसणारा पिवळसर ठिपका म्हणजे झॅन्थेलाझ्मा होय, असे मत काही वैद्यांनी मांडले आहे. केवळ रंगाच्या थरावरून असे निदान ग्राह्य धरणे कठीण आहे.

कंडरा-झॅन्थोमा : रक्तातील एलडीएल-कण केशवाहिन्यांतून कंडरेत झिरपतात. तेथे त्यांच्यात रासायनिक बदल होतो आणि भक्षक पेशी ते गिळतात. चरबीने फुगलेल्या या पेशींना फेनपेशी म्हणतात. पुढे काही पेशी मरतात, कोलेस्टेरॉलचे स्फटिक मोकळे होतात आणि भोवती तंतुमय ऊतक वाढते. रोहिणीच्या भिंतीत घडणारी प्रक्रिया बरीचशी अशीच असते. सतत ताण पडणाऱ्या कंडरांमध्येच हे विशेषकरून का घडते, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. वारंवारच्या सूक्ष्म इजांमुळे झिरपणे वाढत असावे, असे सामान्यतः मानले जाते.

सर्वांत नेहमीची जागा म्हणजे टाचेच्या मागची ॲकिलीस कंडरा, आणि त्याखालोखाल हाताच्या पंज्याच्या पाठीवरच्या, बोटे ताठ करणाऱ्या कंडरा. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गाठ कापली असता आत पिवळी दिसते, कारण एलडीएल-कणांबरोबर गाजर-पपईतल्यासारखी कॅरोटिनॉइड रंगद्रव्येही येतात. पण ती खोलवर असल्याने वरची त्वचा नेहमीच्याच रंगाची राहते. पिवळेपणा शोधत बसणारा तपासनीस हे चिन्ह हमखास चुकवतो. रुग्णाला पालथे झोपवून पावले खाटेच्या कडेबाहेर मोकळी सोडावीत आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत कंडरा धरून टाचेपासून पोटरीपर्यंत बोटे सरकवावीत. निरोगी कंडरेच्या कडा रेखीव लागतात. झॅन्थोमा असल्यास ती जाड, कडक, मधूनमधून गाठाळ लागते आणि बहुधा दोन्ही पायांत तशीच असते. हाताच्या बाबतीत रुग्णाला मूठ मिटायला व उघडायला सांगावे. गाठ कंडरेबरोबर सरकते, त्वचेबरोबर नाही. गाऊटचे खडे, संधिवाताच्या गाठी आणि गँग्लियन यांपासून ती अशी वेगळी ओळखता येते. शंका राहिल्यास सोनोग्राफी करतात. जपानमध्ये क्ष-किरण चित्रावर ॲकिलीस कंडरेची जाडी मोजण्याची पद्धत रूढ आहे. तेथे पूर्वी ९ मिमी. ही मर्यादा होती. २०२२ मध्ये ती पुरुषांसाठी ८ व स्त्रियांसाठी ७.५ मिमी. अशी खाली आणली गेली.

हे चिन्ह अत्यंत विशिष्ट असले, तरी त्याला दोन दुर्मिळ अपवाद आहेत. सिटोस्टेरॉलेमियात वनस्पतिजन्य स्टेरॉले आतड्यातून प्रमाणाबाहेर शोषली जातात. सेरेब्रोटेंडिनस झॅन्थोमॅटोसिसमध्ये पित्ताम्ले तयार होण्यात अडथळा येऊन कोलेस्टॅनॉल साचते. या दुसऱ्या विकारात रक्तातील कोलेस्टेरॉल बहुधा नॉर्मलच असते. लहानपणापासूनचे जुलाब, तरुणपणीच मोतीबिंदू आणि पुढे तोल जाणे, असा इतिहास असल्यास त्याचा विचार करावा लागतो.

पापण्यांवरचे चट्टे : हे मऊ, सपाट, पिवळे चट्टे बहुधा वरच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्याजवळ असतात. ते असलेल्या सुमारे निम्म्या व्यक्तींचे कोलेस्टेरॉल नॉर्मल निघते. तरीही त्यांकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. कोपनहेगनमध्ये १२,७४५ व्यक्तींवर १९७६ पासून तीन दशकांहून अधिक काळ लक्ष ठेवण्यात आले. त्यात सुरुवातीला ४.४ टक्के व्यक्तींना असे चट्टे होते. कोलेस्टेरॉलचा हिशेब वजा करूनही त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे दीडपट आढळले. बुबुळावरच्या वलयाबाबत मात्र असा स्वतंत्र संबंध दिसला नाही.

कॉर्नियल आर्कस : डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. कडेच्या वाहिन्यांतून झिरपलेली चरबी तिच्या परिघाजवळ साचते. आधी वर व खाली कमानी दिसतात, मग त्या जुळून वलय पूर्ण होते. वलय आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्यामध्ये एक बारीक पारदर्शक पट्टी उरते. विल्सन विकारातले तांब्याचे तपकिरी-हिरवे वलय थेट कडेपर्यंत भिडलेले असते. या फरकाचा ओळखीसाठी उपयोग होतो. उतारवयात आर्कस इतका सर्रास आढळतो की त्याला निदानमूल्य जवळपास उरत नाही. ४५ वर्षांच्या आत दिसल्यास मात्र कोलेस्टेरॉल तपासलेच पाहिजे. एकाच डोळ्यात असल्यास, ज्या बाजूला वलय नाही त्या बाजूची मानेतील रोहिणी अरुंद झाली आहे का, हे पाहतात.

गुणांकन : या तीन चिन्हांना किती वजन द्यायचे, हे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल-विकाराच्या निदानासाठीच्या डच लिपिड क्लिनिक पद्धतीत आकड्यांत मांडले आहे. समजा, ३८ वर्षांचा एक पुरुष टाच दुखते म्हणून आला. दोन्ही ॲकिलीस कंडरा गाठाळ आहेत, बुबुळाभोवती वलय आहे, वडिलांना ४८ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि एलडीएल २६२ मिग्रॅ./डेलि. आहे. वडिलांच्या आजाराचा १ गुण, कंडरेतील गाठीचे ६ आणि एलडीएलचे ५, असे एकूण १२ गुण होतात. वलयाला एरवी ४ गुण मिळतात, पण शारीरिक तपासणीच्या गटातील सर्वांत मोठा एकच आकडा धरायचा असल्याने ते येथे मिळवले जात नाहीत. ८ पेक्षा जास्त गुण म्हणजे निश्चित निदान. कंडरा चाचपलीच नसती, तर वलयाच्या आधारावर १० गुण झाले असते. याच माणसाला फक्त पापणीवरचे चट्टे असते, तर त्या चट्ट्यांना शून्य गुण धरून बेरीज ६ झाली असती, म्हणजे निदान ‘संभाव्य’ इतकेच. थायरॉइडची मंदता, मूत्रपिंडातून प्रथिने जाणे व पित्तमार्गाचा अडथळा ही कारणे आधी वगळावी लागतात. निदान पक्के झाल्यावर या माणसाची भावंडे व मुले यांचीही रक्ततपासणी करणे आवश्यक ठरते, कारण त्यांतील प्रत्येकात दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. एक सदोष जनुक असलेल्या व्यक्ती साधारणपणे २५० ते ३०० लोकांत एक आढळतात. गाठी बहुधा विशीनंतर येतात आणि अनेक रुग्णांत कधीच येत नाहीत. म्हणून त्या नसल्या, तरी विकार नाही असे म्हणता येत नाही.

आई व वडील दोघांकडून दोष आल्यास चित्र फार वेगळे असते. बोटांच्या बेचक्यांत, ढुंगणावर, गुडघ्यांवर व कोपरांवर नारिंगी-पिवळे चट्टे बालपणीच उमटतात, एलडीएल ४०० च्या पुढे असते आणि उपचार न झाल्यास विशीच्या आतच हृदयविकार जडू शकतो. मामाशी किंवा मामे-आतेभावंडांत लग्ने होणाऱ्या समाजांत, महाराष्ट्राच्या काही भागांतही, ही शक्यता वाढते. बेचक्यांतले चट्टे त्वचारोग समजून मलमांवर वर्षे जातात, हे विशेष दुःखद आहे, कारण एका रक्ततपासणीने निदान होऊ शकते.

उपचार : स्टॅटिने, एझेटिमाइब व गरजेनुसार पीसीएसके९-रोधक इंजेक्शने यांनी एलडीएल उतरवले की कंडरेतील गाठी काही वर्षांत हळूहळू लहान होतात. सेरेब्रोटेंडिनस प्रकारात किनोडीऑक्सिकोलिक अम्ल देतात. पापण्यांवरचे चट्टे शस्त्रक्रियेने, लेसरने किंवा ट्रायक्लोरोॲसिटिक अम्लाने काढता येतात, पण ते पुन्हा उद्भवतात. कॉर्नियातील वलय कोलेस्टेरॉल उतरल्यावरही सहसा जात नाही. त्याने दृष्टीला बाधा येत नसल्यामुळे त्यावर थेंब किंवा शस्त्रक्रियेची गरज नसते.